संस्थापकांचे शेअर आणि कंपनीचा कोड: करारात काय लिहायचं आणि कोणत्या क्रमाने

नागपुरातल्या नव्या कंपन्यांचे कागद चाळताना दोन वाक्यं हमखास सापडतात. पहिलं असं: "संस्थापक चार वर्षांच्या आत बाहेर पडल्यास त्याचे उरलेले शेअर कंपनी परत विकत घेईल." दुसरं: "संस्थापकांनी केलेलं सगळं काम कंपनीच्या मालकीचं राहील." दोन्ही वाचायला बरी वाटतात. पहिलं अमेरिकी नमुन्यातून उचललेलं असतं आणि भारतातल्या नव्या कंपनीला ते पाळणं जवळपास अशक्य असतं. दुसऱ्यात मुदत नाही, प्रदेश नाही, कामांची यादी नाही, त्यामुळे ते आपल्या कॉपीराइट कायद्यापुढे लंगडं पडतं.

हा लेख या दोन वाक्यांच्या जागी काय लिहायचं याबद्दल आहे. समजण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिघे मिळून संत्र्यांची प्रतवारी करणारं यंत्र बनवतात. पट्ट्यावरून फळ जातं, कॅमेरा फोटो काढतो आणि सॉफ्टवेअर आकार, रंग आणि डाग पाहून फळ कोणत्या खान्यात पडायचं ते ठरवतं. एक कोडवाला, एक यंत्रवाली आणि काटोल-नरखेडची पॅकहाउस जोडून देणारा एक बाजारवाला. 10 रुपये दर्शनी किमतीचे 10,000 शेअर आहेत. कोडवाल्याकडे 4,000, यंत्रवालीकडे 3,500 आणि बाजारवाल्याकडे 2,500.

## टप्पा 1: मसुद्याआधी यादी

करार लिहायला बसण्याआधी कंपनीकडे यायला हव्यात अशा सगळ्या वस्तूंची यादी करा. कोड, फळांच्या फोटोंचा साठा, यंत्राची ड्रॉइंग, नाव, लोगो, डोमेन. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहा: कोणी बनवली, कधी बनवली, आणि त्या वेळी तो माणूस आणखी कोणाला बांधलेला होता का.

कोडच्या बाबतीत आठवणीवर विसंबू नका. रिपॉझिटरीत या दोन आज्ञा चालवा:

```
git shortlog -sne --all
git rev-parse HEAD
```

पहिली आज्ञा कोड जमा केलेल्या प्रत्येकाचं नाव आणि ईमेल दाखवते. दुसरी आजच्या स्थितीचा ओळख-क्रमांक देते. तो पुढे कराराच्या परिशिष्टात जाईल. पहिल्या यादीत बहुतेक वेळा एखादं अनोळखी नाव निघतंच: दोन महिने इंटर्नशिप करून गेलेला विद्यार्थी, किंवा रात्रीतून एक भाग लिहून दिलेला मित्र. तो कंपनीचा नोकर नव्हता, त्यामुळे त्याने लिहिलेल्या ओळींचा पहिला मालक तोच. पगार किंवा मानधन दिलं म्हणून मालकी आपोआप येत नाही. त्याची सही आत्ताच घ्या. तो नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर आणि तुमच्या दारात गुंतवणूकदार उभा असताना ती महाग पडते.

मग "कोणाला बांधलेला होता" हा रकाना. आपल्या उदाहरणात कोडवाल्याने मूळ कोड अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात लिहिला आणि नंतर मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करताना वाढवला. म्हणजे दोन कागद काढून वाचायचे. एक, कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण. कॉलेजची प्रयोगशाळा, यंत्रसामग्री किंवा अनुदान वापरलं असेल, तर अनेक संस्था त्यात हक्क सांगतात. दोन, नोकरीचं नियुक्तिपत्र. "नोकरीच्या काळात केलेली निर्मिती कंपनीची" असं कलम त्यात असतंच, आणि काही पत्रांत ते कामाच्या वेळेबाहेरच्या निर्मितीलाही लागू केलेलं असतं. जिथे शंका असेल तिथे ना-हरकत पत्र घ्यायचं, तेही राजीनामा देण्याआधी. संबंध बिघडल्यावर तसं पत्र कोणी देत नाही.

तपासा: यादीत अशी एकही वस्तू राहिलेली नाही ना, जिच्यासमोर "कोणी बनवली" हा रकाना रिकामा आहे?

## टप्पा 2: व्हेस्टिंगचे आकडे एका पानावर

व्हेस्टिंग म्हणजे काळ जाईल तसे शेअर संस्थापकाचे पक्के होणं, "पिकणं". भारतात संस्थापकांचं व्हेस्टिंग उलट्या दिशेने चालतं. कंपनी नोंदवतानाच शेअर तुमच्या नावावर होतात, मतही तुमचंच. करार एवढंच म्हणतो की अमुक काळ टिकला नाहीत, तर न पिकलेले शेअर सोडावे लागतील. म्हणून मसुद्यात "दरमहा शेअर मिळतील" असं लिहू नका. "दरमहा इतके शेअर परतीच्या अटीतून मुक्त होतील" असं लिहा. पहिल्या भाषेमुळे उद्या हिशेबनीस विचारेल की हे नवे शेअर कधी वाटले आणि त्याचा फॉर्म कुठे आहे.

नेहमीचा साचा 48 महिन्यांचा आणि पहिल्या 12 महिन्यांच्या क्लिफचा. वर्षाच्या आत गेला तर काहीच पिकत नाही. वर्ष पूर्ण झालं की एकदम पाव हिस्सा पिकतो आणि पुढे दरमहा अठ्ठेचाळिसावा भाग. या साच्यापेक्षा घोळ होतो तो सुरुवातीच्या तारखेवर. कंपनी नोंदवल्याची तारीख सगळ्यांना सरसकट लावली, तर वर्षभर आधीपासून राबणाऱ्यावर अन्याय होतो आणि तो पुढे भांडतो. म्हणून प्रत्येकासमोर वेगळी तारीख लिहा. आपल्या उदाहरणात यंत्रवाली आणि बाजारवाल्यासाठी 1 जुलै 2025, आणि कोडवाल्यासाठी त्याच्या एका वर्षाच्या आधीच्या कामाबद्दल 1 जुलै 2024. म्हणजे सही करतानाच त्याचे 1,000 शेअर पिकलेले आहेत.

त्याच पानावर अपूर्णांकाचा नियम लिहा (खालच्या पूर्णांकावर आणायचं). बोनस शेअर आले किंवा शेअरचे तुकडे झाले, तर नव्या शेअरनाही मूळ शेअरचीच अट लागेल हेही लिहा. या दोन ओळी नसल्याने हिशेब अडलेले आहेत.

## टप्पा 3: परत आलेले शेअर जाणार कुठे

मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा थांबून पाहू.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 67 प्रमाणे कंपनीला स्वतःचे शेअर विकत घेता येत नाहीत. अपवाद कलम 68 मधल्या बायबॅकचा. पण त्यासाठी पैसा मुक्त राखीव निधीतून, सिक्युरिटीज प्रीमियम खात्यातून किंवा वेगळ्या प्रकारच्या नव्या शेअरविक्रीतून यावा लागतो, आणि मर्यादा भरणा भांडवल व मुक्त राखीव निधी यांच्या 25 टक्क्यांची. वर ठराव, फॉर्म, कर्जाच्या प्रमाणाची अट. पहिल्या दोन वर्षांत तोट्यात चालणाऱ्या कंपनीकडे यातलं काय असतं? एक लाखाचं भांडवल आणि उणे राखीव. बायबॅकचं कलम नुसतं शोभेला राहतं.

म्हणून शेअर उरलेल्या संस्थापकांकडे, त्यांच्या आपापसातल्या प्रमाणात, दर्शनी किमतीला जातील असं लिहा. पर्याय म्हणून "किंवा कंपनीने नेमलेल्या व्यक्तीकडे किंवा ट्रस्टकडे" एवढी वाट ठेवा. पुढे कर्मचाऱ्यांना शेअर द्यायचे झाले तर ती उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, ही अट फक्त संस्थापकांच्या करारात ठेवू नका. ती कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये आलीच पाहिजे. व्ही. बी. रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये म्हटलं की खासगी कंपनीच्या शेअर हस्तांतरणावर आर्टिकल्समध्ये नसलेलं बंधन कंपनीवर वा भागधारकांवर लागू होत नाही. नोंदणीच्या वेळी सीए बहुतेकदा टेबल एफचा तयार नमुना जसाच्या तसा लावतात, त्यात व्हेस्टिंगचा उल्लेखही नसतो. मग कलम 14 खाली विशेष ठराव करून आर्टिकल्स बदला आणि 30 दिवसांत एमजीटी-14 हा फॉर्म भरा.

सगळे गोडीगुलाबीने असताना हे करा. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने लागतात. आपल्या कंपनीत बाजारवाला एकटा अडला तर 7,500 विरुद्ध 2,500, बरोबर तिप्पट, ठराव कसाबसा निघतो. यंत्रवाली 3,500 घेऊन अडली तर निघत नाही.

सावधान: जाणाऱ्याने शेअर हस्तांतरण फॉर्मवर सहीच केली नाही तर? काही जण पहिल्याच दिवशी एसएच-4 वर सही करून ठेवून घेतात. हा फॉर्म सही झाल्यापासून 60 दिवसांत कंपनीकडे द्यावा लागतो, म्हणजे तारीख टाकलेला शिळा होतो आणि कोरा ठेवलेला वादाचं मूळ होतो. त्याऐवजी आर्टिकल्समध्ये आणि करारात लिहा की जाणाऱ्याने 15 दिवसांत सही केली नाही, तर ठरावीक संचालक त्याच्या वतीने सही करेल. सोबत तसं मुखत्यारपत्र घ्या. ते संबंधित हितासाठी दिलेलं असून मागे घेता येणार नाही, हे त्यात स्पष्ट हवं. शेअर डीमॅट असतील तर मुखत्यारपत्रात डिमॅट खात्यातून हस्तांतर करण्याचा अधिकारही लिहा.

## टप्पा 4: बाहेर पडण्याची कलमं, हिशेब करून पाहा

मसुदा झाला की लगेच एकाला कागदावर बाहेर काढून पाहा. कलम चुकलंय की नाही, हे याशिवाय कळत नाही.

समजा बाजारवाला 10 मार्च 2027 रोजी बाहेर पडतो. 1 जुलै 2025 पासून पूर्ण महिने 20. 2,500 भागिले 48, गुणिले 20, म्हणजे 1,041.67. खालच्या पूर्णांकावर 1,041 पिकले आणि 1,459 परत जाणार. उरलेल्या दोघांचं प्रमाण 8:7, म्हणून कोडवाल्याला 778 आणि यंत्रवालीला 681. किंमत दर्शनी, म्हणजे एकूण 14,590 रुपये. शेअर हस्तांतरणावरचं मुद्रांक शुल्क 0.015 टक्के, सव्वादोन रुपयांच्या आसपास. शेवटी ताळा: 4,778 अधिक 4,181 अधिक 1,041, बरोबर 10,000.

इथवर सोपं आहे. आता मधल्या काळात एका गुंतवणूकदाराने 50 लाख रुपये देऊन 1,250 साधे शेअर घेतले असतील तर? समजा बाजारवाला जातो तेव्हा कंपनीची निव्वळ मालमत्ता 45 लाख आहे आणि शेअर 11,250. पुस्तकी किंमत शेअरला 400 रुपये झाली. कोडवाल्याने 400 चा शेअर 10 रुपयांना घेतला, 778 शेअर घेतले, फरक 3,03,420 रुपये. वाजवी किमतीपेक्षा 50,000 हून अधिक स्वस्तात शेअर मिळाले तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. प्राप्तिकर कायदा 1961 मध्ये हे कलम 56(2)(x) खाली येत होतं, आणि विकणाऱ्याच्या बाजूने कलम 50सीए वाजवी किंमतच विक्रीची किंमत धरत होतं. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू आहे, तेव्हा करारात कलमांचे जुने क्रमांक टाकू नका. एक नियमच लिहा: परतीच्या वेळी सीएकडून वाजवी किंमत काढून घ्यायची, आणि कर कोण सोसणार हे आधीच ठरवायचं. हा मुद्दा नंतरच्या चर्चेवर सोडला, तर शेअर घ्यायलाच कोणी पुढे येत नाही.

बाहेर पडण्याचे प्रकार दोनच ठेवा. मृत्यू, अपंगत्व, किंवा कारणाशिवाय काढून टाकणं हे चांगलं जाणं. फसवणूक, कंपनीची गुपितं फोडणं, किंवा बौद्धिक संपदेच्या दस्तावर सही नाकारणं हे वाईट जाणं. पहिल्यात कंपनी दोन-चार महिने जास्त पिकू देऊ शकते. दुसऱ्यात पिकलेले शेअरही काढून घेण्याचा मोह होतो. माझ्या मते तो आवरा. कमावलेली वस्तू दहा रुपयांत हिसकावण्याचं कलम न्यायालयात दंड म्हणून आव्हान दिलं जाण्याची शक्यता मोठी, आणि तोवर निधीची बोलणी अडकून पडतात.

"सोडून गेल्यावर दोन वर्षं स्पर्धा केली तर वाईट जाणं" हेही लिहू नका. करार कायद्याच्या कलम 27 खाली काम सोडल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. गोपनीयतेची अट टिकते, भर तिच्यावर द्या.

तपासा: संस्थापक वारला तर वारसाचं काय? न पिकलेल्या शेअरची अट वारसालाही बांधील आहे असं करारात आणि आर्टिकल्समध्ये, दोन्हीकडे हवं.

## टप्पा 5: बौद्धिक संपदेचा वेगळा दस्त

हा दस्त संस्थापकांच्या करारात कोंबू नका. तो प्रत्येक संस्थापक आणि कंपनी यांच्यात वेगळा असतो. आणि त्याला व्हेस्टिंगशी जोडू तर मुळीच नका. "शेअर पिकतील तसा कोड कंपनीचा होईल" असं लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. अशा कंपनीचा अर्धा कोड गेलेल्या माणसाचा असतो. शेअर टप्प्याटप्प्याने पिकतात, कोड पहिल्याच दिवशी पूर्ण द्यायचा.

"सहाव्या महिन्यात गेलो तर शेअरही गेले आणि कोडही?" हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आधीच्या कामाचं श्रेय व्हेस्टिंगमध्ये देणं, जसं कोडवाल्याला दिलं. कंपनी बंद पडली तर कोड परत मिळेल असं कलम गुंतवणूकदार खोडतात. त्याऐवजी मूळ कोड स्वतःच्या इतर कामासाठी वापरायचा बिनएकाधिकार परवाना कोडवाल्याला द्यावा, तेवढ्याने बहुतेकांचं समाधान होतं.

आता मसुदा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 मध्ये सापळे दडलेले आहेत. हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. काम कोणतं, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता, मोबदला किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि हस्तांतरणानंतर वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, हस्तांतरण रद्द झालेलं धरलं जातं. यंत्र बाजारात यायला दीड वर्ष लागणार असेल, तर एवढी एकच ओळ पुरे घात करायला. म्हणून असं लिहा:

> "हस्तांतरक परिशिष्ट 'अ' मधील कामांतील कॉपीराइट आणि त्याखालील सर्व हक्क याद्वारे कंपनीस हस्तांतरित करत आहे. हे हस्तांतरण कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि संपूर्ण जगासाठी आहे. कंपनीने एका वर्षात किंवा त्यानंतर कधीही हे हक्क वापरले नाहीत, तरी हे हस्तांतरण रद्द होणार नाही. मोबदला म्हणून कंपनीने हस्तांतरकास 5,000 रुपये बँकेमार्फत दिले असून कोणतीही रॉयल्टी देय नाही."

"करत आहे" हे क्रियापद मुद्दाम आहे. "करण्यास कबूल आहे" म्हटलं तर आज काहीच हस्तांतरित होत नाही. मोबदला म्हणून संस्थापकाचे सुरुवातीचे शेअर दाखवू नका, ते त्याने रोख भरून घेतलेले असतात. थोडी का होईना, खरी रक्कम बँकेतून द्या.

पुढच्या कामासाठी दुसरं कलम हवं: यापुढे तो कंपनीसाठी जे बनवेल, ते तयार होताक्षणी कंपनीचं. अशा भावी कामाचं हस्तांतरण कलम 18 मान्य करतं. इथे एक गैरसमज घट्ट आहे. नोकराने नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालक नोकरी देणारी कंपनी असते हे खरं, पण संचालक नोकर असतोच असं नाही. नियुक्तिपत्र आणि पगार नसलेल्या संस्थापकाबाबत त्यावर विसंबू नका.

परिशिष्ट 'अ' मोघम नको. "संत्रा प्रतवारी सॉफ्टवेअर" एवढं पुरत नाही. रिपॉझिटरीचं नाव, तो ओळख-क्रमांक, तारीख. ड्रॉइंगच्या फाइलींची नावं. फोटोंचा साठा असेल तर कोणत्या बहारातले, कोणाच्या पॅकहाउसमध्ये, कोणाच्या परवानगीने काढले. डोमेन कोणाच्या खात्यावर आहे, आणि ते कंपनीच्या खात्यात किती दिवसांत हलवायचं. पेटंटचा अर्ज झाला असेल, तर त्याचं हस्तांतरण वेगळ्या लेखाने करा आणि फॉर्म 16 भरून पेटंट कार्यालयात नोंदवा.

## टप्पा 6: सह्यांचा क्रम

कंपनी नोंदवण्याआधी कंपनीच्या नावाने केलेला दस्त घोळात टाकतो, कारण सही करणारी एक बाजू तेव्हा अस्तित्वातच नसते. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी नोंदणी. मग प्रत्येकाने शेअरचे पैसे स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात भरणं. मग संचालक मंडळाची बैठक: संचालक स्वतःच कंपनीला काही विकतोय, म्हणून त्याने आपला हितसंबंध जाहीर करायचा, आणि ठरावात दस्ताला मंजुरी घ्यायची. त्यानंतर बौद्धिक संपदेचे दस्त, मग संस्थापकांचा करार, आणि त्याच आठवड्यात आर्टिकल्सचा बदल. संपदेचे दस्त करारावर अवलंबून न ठेवता आधी, कारण त्यांच्यावर बोलणी फिसकटली तर शेअरचा करार करण्यात अर्थ नसतो.

सावधान: नागपूरच्या सदर भागातल्या कचेरीबाहेर मिळणाऱ्या 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरची सवय सोडा. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून पूर्वीच्या 100 रुपयांच्या जागी किमान 500 रुपये लागतात. हस्तांतरणाच्या दस्तावर शुल्क मोबदल्याप्रमाणे वाढू शकतं, म्हणून रक्कम ठरवल्यावर सही करण्याआधी वकिलाकडून शुल्क काढून घ्या. पुरेसं शुल्क न भरलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून घेत नाहीत. तूट आणि दंड भरून तो चालतो, पण तेव्हा वेळ तुमच्या हातात नसतो.

कंपनी आधीच दोन वर्षं जुनी असेल आणि यातलं काहीच नसेल, तर मागची तारीख टाकून कागद बनवू नका. आजच्याच तारखेचा दस्त करा, त्यात परिशिष्टात मागची सगळी कामं घ्या, आणि गेलेल्या इंटर्नपासून सह्या घ्यायला सुरुवात करा. संस्थापक तर रोज समोर बसतात.